खडू हातात आला की

यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या लहान गावांतल्या बऱ्याच शाळा दोन शिक्षकांवर चालतात. त्यातले एक गुरुजी केंद्रशाळेत बैठकीला गेले किंवा पोषण आहाराच्या नोंदी भरायला बसले, की दुसऱ्याच्या वाट्याला सगळे वर्ग एकदम येतात. मग एखाद्या वर्गात कोणीच मोठे माणूस उरत नाही आणि तिथे मॉनिटर उभा राहतो. समजा, घाटंजी तालुक्यातल्या एका गावची अशी शाळा आहे आणि सहावीचा वर्ग आहे. बाई शेजारच्या वर्गात जाताना मॉनिटरच्या हातात खडू देतात आणि सांगतात, "जे बोलतील त्यांची नावं लिहून ठेव." महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांना पुढची रीत ठाऊक असते. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखायची, बोलणाऱ्याचे नाव तिच्यात लिहायचे आणि तो पुन्हा बोलला की नावापुढे फुली मारायची. बाई आल्या की फुल्या मोजल्या जातात.

पुढच्या वीस मिनिटांत काय होते ते नीट पाहू. मॉनिटरचा जिवलग मित्र मागच्या बाकावरून गुरुजींची नक्कल करतो आणि चार पोरे हसतात. हसणाऱ्यांपैकी दोघांची नावे लागतात, नक्कल करणाऱ्याचे लागत नाही. जवळच्या पोडावरून येणारी एक मुलगी आहे, तिच्या घरी कोलामी बोलतात. गणितातल्या एका मराठी शब्दाचा अर्थ ती शेजारणीला हळूच विचारते, तर तिचे नाव लागते. आपण का बोललो ते सांगायला ती उभी राहते, तर त्या बोलण्याबद्दल तिच्या नावापुढे पहिली फुली पडते. मग ती गप्प बसते. बाई येतात, फळा वाचतात, तीन नावे घेतात आणि तिघांना मधल्या सुट्टीत वर्गातच बसवून ठेवतात. बाईंनी कोणाला काही विचारले नाही आणि मॉनिटरने एकही खोटा शब्द लिहिला नाही. ती तिन्ही मुले खरोखरच बोलली किंवा हसली होती.

तरीही इथे अन्याय झाला आहे हे कोणालाही जाणवेल. पण तो नेमका कशात आहे? मित्राला वाचवले, हे तर दिसतेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या मुलीच्या फुलीत आहे. ज्या बोलण्याने ती स्वतःचा बचाव करणार होती, तेच बोलणे गुन्हा म्हणून नोंदले गेले. मॉनिटर नसता आणि शेजारच्या मुलाने बाईंना "ही बोलत होती" असे सांगितले असते, तर ती एक तक्रार ठरली असती. बाईंनी तिला विचारले असते, तिने उत्तर दिले असते, कदाचित शेजारणीनेही साक्ष दिली असती. मॉनिटरने लिहिले की ती तक्रार राहत नाही, निकाल होतो. मुलगी वर्ग सोडून जाऊ शकत नाही, वर्गात राहून बोलू शकत नाही, आणि फळ्यावरचे पुसूही शकत नाही. एरवी आपल्यावर अन्याय होऊ लागला तर त्यातून सुटायच्या ज्या वाटा प्रत्येकाजवळ असतात, त्या तिच्यापुरत्या बंद झाल्या आहेत, आणि खडू ज्याच्या हातात आहे त्याच्यामुळे त्या बंद झाल्या आहेत.

या प्रकरणातला मुद्दा एवढाच आहे. अधिकारासोबत जादा कर्तव्ये येतात ती पदाच्या मानामुळे येत नाहीत, किंवा पद घेताना शपथ घेतली म्हणूनही येत नाहीत. दुसऱ्याच्या बचावाचे साधन आपल्या हातात येते, म्हणून ती येतात. माणूस स्वतःला सांभाळू शकतो तोवर त्याला इजा न करणे एवढे पुरते. स्वतःला सांभाळण्याची त्याची ताकद आपल्यापाशी जमा झाली, की ती त्याच्या वतीने वापरणे हे आपले काम होते. 'प्रोटेक्टिंग द व्हल्नरेबल' या १९८५ सालच्या पुस्तकात रॉबर्ट गुडिन या तत्त्वचिंतकाने याच दिशेने मांडणी केली आहे. आपल्या कृतीवर ज्याचे भले-बुरे विशेष अवलंबून असते, त्याच्याविषयी आपली जबाबदारीही विशेष असते, असे त्याचे म्हणणे आहे. मॉनिटरने काही कबूल केले होते का, हा प्रश्न या मांडणीत दुय्यम ठरतो. त्याने हौसेने खडू घेतला असो की बाईंनी नाइलाजाने दिला असो, ती मुलगी सारखीच अडकलेली असते.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. नीती सगळ्यांना सारखीच असते, खोटे बोलू नये, पक्षपात करू नये, दुसऱ्याला दुखवू नये. मॉनिटरलाही हेच नियम आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही हेच. अधिकाराने फक्त हे नियम मोडण्याची संधी वाढते, मग जादा कर्तव्य कुठून आले? या आक्षेपाची परीक्षा वरच्याच उदाहरणात घेता येते. मॉनिटरने मुलीबद्दल खोटे लिहिले नव्हते, म्हणजे खरे बोलण्याचा सर्वांना लागू असलेला नियम त्याने पाळला. शेजारच्या मुलाने एवढेच केले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता, कारण खरे-खोटे तपासायला पुढे बाई होत्या. मॉनिटरच्या पुढे तपासणारे कोणी नाही. म्हणून ती का बोलली हे नाव लिहिण्याआधी विचारणे त्याच्यावर येऊन पडते. नियमाचे शब्द तेच राहिले, पण तो पाळायला जे करावे लागते ते वाढले. मैत्रीचेही तसेच आहे. मित्राला थोडे झुकते माप देणे हा एरवी दोष नाही, उलट मित्राची बाजू न घेणारा मित्र कसला, असे आपण म्हणतो. खडू हातात असेपर्यंत मात्र हाच चांगला गुण दुसऱ्या कोणाच्या तरी मधल्या सुट्टीवर उठतो. एकच गोष्ट साध्या विद्यार्थ्याला चालते आणि मॉनिटरला चालत नाही, हे एकदा मान्य केले की जादा कर्तव्य मान्य झालेच.

दुसरा आक्षेप अधिकारी माणसे नेहमी करतात: "कोणी तक्रार केली का?" वर्गातल्या त्या तिघांनी केली नाही. गप्प बसणे म्हणजे मान्य असणे, हा हिशेब बरोबरीच्या माणसांत कधी कधी खरा असतो. एकाच्या हातात दुसऱ्याचे नशीब असेल तर तो साफ चुकतो, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या राज्यकर्त्यांनी फार पूर्वी ओळखली होती. शिवाजी महाराजांनी १९ मे १६७३ रोजी चिपळूण भागातल्या छावणीच्या अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, असे बजावून ते थांबत नाही. छावणीसाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, मग तुमची माणसे कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजीपाला आणू लागतील आणि त्या लोकांना मोगल बरे वाटू लागतील, असा पुढचा सगळा क्रम त्यात उलगडून दाखवला आहे. हत्यारबंद शिपाई दारात उभा राहून भाकर मागतो तेव्हा कुणबी नाही म्हणू शकत नाही, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरले आहे. म्हणून बंदोबस्त शिपायाच्या मागण्यावर न ठेवता त्याच्या खूप आधी, वैरणीच्या मापावर ठेवला आहे. त्याच पत्रात दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंज्यांना आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीचीही ताकीद आहे. ज्याच्या हाती कारभार त्याने वाईट करू नये एवढे पुरत नाही, वाईट कुठून येईल हे आधी पाहायचे कामही त्याचेच, हे या पत्रातून दिसते.

कायद्याला हे पटायला मात्र वेळ लागला, आणि त्याची वेदनादायक कथा यवतमाळपासून फार दूर नसलेल्या भागातली आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा झाल्याचे दिसत नाही, तेव्हा तिची संमती नव्हती असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पोलीस ठाण्यात, नातलग बाहेर थांबवलेले असताना, एका मजूर मुलीने पोलिसाला झटापटीने अडवायला हवे होते, असा त्याचा अर्थ होतो. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून यावर बोट ठेवले. देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीशी पोलिसाचा शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय धरून चालेल, अशी तरतूद आली. संमती होती हे दाखवण्याचा भार आता अधिकार असलेल्या बाजूवर येतो. शाळेतली फुली आणि हा गुन्हा एका मापाचे नाहीत, त्यांना शेजारी ठेवणेही जड जाते. पण गप्प बसण्याचा अर्थ अधिकाराखाली बदलतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

आता मॉनिटरचा स्वतःचा बचाव ऐकू. तो म्हणेल, "मला बाईंनी सांगितलं, मी लिहिलं." अकरा वर्षांच्या मुलाचे हे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि उरलेले निम्मे समजून घ्यायला मॉनिटर ही व्यवस्था आली कुठून ते पाहावे लागते. १७८९ मध्ये मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा कारभार अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आला. तिथले शिक्षक त्याच्या मनासारखे शिकवत नव्हते. जवळच्या गावठी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याला दिसली, तेव्हा मोठ्या मुलांनी लहानांना तसेच शिकवावे अशी रीत त्याने घातली आणि १७९७ मध्ये तिचा अहवाल लंडनला छापला. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने याच तऱ्हेची शाळा काढली. एक शिक्षक आणि त्याच्या हाताखाली मॉनिटरांची फळी, एवढ्यावर शेकडो मुले शिकू लागली. खर्च इतका कमी होता की ही पद्धत जगभर गेली आणि १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या मराठी शाळांतही आली. मूळ गरज शिकवण्याची होती, पण लँकेस्टरच्या शाळेत चुकलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवणे, टोपलीत बसवून छताला टांगणे अशा शिक्षाही होत्या, आणि कोण चुकला ते मॉनिटर सांगत. या सगळ्या रचनेत मॉनिटर शिक्षकाला काय कळवील याची बारीक सोय होती. मॉनिटरने चुकीचे कळवले तर मुलाने कुठे जायचे, याची तितकी नव्हती.

सहावीच्या वर्गात हेच घडले आहे. खडू देताना बाईंनी त्यासोबत न तपासण्याची सवयही मॉनिटरच्या हातात दिली. म्हणून फुलीचा जास्त दोष त्यांच्याकडे जातो, मुलाकडे कमी. कायद्याची मांडणीही अशीच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ मुलाचा प्रत्यक्ष ताबा किंवा मुलावर नियंत्रण ज्याच्याकडे आहे, त्याने मुलाला मारले, छळले किंवा जाणूनबुजून दुर्लक्षिले तर वेगळी शिक्षा सांगते. या दुसऱ्या कलमात पदाचे नाव नाही, ताबा आणि नियंत्रण आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अधिकार खाली दिला म्हणून वरची जबाबदारी आटत नाही, ज्याला दिला तो त्याचा वापर कसा करतो हे पाहण्याचे एक नवे काम तिच्यात येऊन मिळते. मुलाच्या वाट्याला मात्र त्याला कळत होते आणि करता येत होते तेवढेच येते. नक्कल करणाऱ्या मित्राचे नाव आपण गाळले हे त्याला नक्की कळत होते. मुलीच्या फुलीत काय चुकले हे कदाचित कळले नसेल, आणि ते शिकवणे बाईंचेच काम होते.

मोठ्यांच्या व्यवहारात या साखळीचे काय होते, ते यवतमाळने २०१७ च्या खरिपात पाहिले. त्या वर्षी कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले, आणि सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. कपाशी छातीच्या वर वाढलेली होती, त्यामुळे फवारा खाली न जाता फवारणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. यातली काही विषे नुसत्या कातडीतूनही अंगात भिनतात. आधी डोळ्यांची आग, मळमळ, दरदरून घाम आणि अंधुक दिसणे सुरू होते. तेव्हाच पंप खाली ठेवून कपडे बदलले, साबणाने अंग धुतले आणि दवाखाना गाठला तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ असते. आता हे करायचे कोणी? रोजंदारीवर फवारायला आलेल्या मजुराने आज फवारणी नको म्हटले तर त्याची त्या दिवसाची मजुरी जाते. औषध कोणते, किती, कशात कालवायचे हे त्याने ठरवलेले नसते. बाटलीवरची सूचना बारीक अक्षरांत असते आणि तो ती वाचू शकेलच असे नाही. हातमोजे, मास्क, अंग झाकणारे कपडे आणणे, वाऱ्याची दिशा पाहून थांबवणे, मळमळ सुरू होताच काम बंद करवणे, या सगळ्या त्याच्या बचावाच्या वाटा शेतमालकाच्या होकारातून जातात. म्हणून "मी त्याला बळजबरी केली नव्हती" हे मालकाचे म्हणणे खरे असले तरी अपुरे पडते.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो यवतमाळात मनापासून केला जातो. हा मालक म्हणजे कोण? चार-पाच एकर कोरडवाहू जमीन, सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज, बोंडअळीने पोखरलेले पीक. तो स्वतः कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने जे दिले तेच आणतो आणि पुष्कळदा स्वतःच फवारतो. मरण पावलेल्यांत असे शेतकरीही होते. त्याला सत्ताधारी म्हणणे क्रूर नाही का? त्याला एकंदरीत सत्ताधारी म्हणणे चूकच आहे. पण अधिकार माणसाच्या अंगाला कायम चिकटलेला नसतो, तो दोन माणसांच्या एका ठरावीक संबंधात असतो. तोच शेतकरी दुकानदारापुढे अडलेला आहे आणि त्या दिवशीच्या मजुरापुढे अडवू शकणारा आहे. पहिली गोष्ट खरी म्हणून दुसरी खोटी होत नाही. उलट अशा साखळीत दुकानदाराचे कर्तव्य शेतकऱ्यापेक्षा मोठे, औषध बनवणाऱ्या कंपनीचे त्याहून मोठे, आणि परवाने देणाऱ्या व तपासणाऱ्या सरकारचे सर्वांत मोठे ठरते, कारण वर जावे तसे कळणेही जास्त असते आणि थांबवता येणेही जास्त असते. शेतकऱ्याच्या हातात उरते ते थोडे, पण ते त्याच्याशिवाय दुसरे कोणीच करू शकत नाही. वारा अंगावर येत असताना पंप थांबवायला सांगणारा माणूस बांधावर तोच असतो.

अशी ओझी लादली तर मॉनिटर व्हायला कोणी पुढेच येणार नाही, ही भीतीही बोलून दाखवली जाते. ती खरी ठरते जेव्हा कर्तव्य वाढवून अधिकार मात्र तोकडा ठेवतात. वर्ग शांत ठेवण्याची जबाबदारी मुलावर, आणि का बोललास हे विचारायची मात्र त्याला परवानगी नाही, अशी रचना त्याच्यावरही अन्याय करते. कर्तव्य जेवढ्यास तेवढे असावे. जे आपण ठरवू शकतो आणि समोरचा ठरवू शकत नाही, तेवढ्याचेच उत्तर आपण द्यायचे. दुसऱ्या टोकाला, मॉनिटर सज्जन निवडला की झाले, असे मानणारे लोक आहेत. फिलिप पेटिट या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने यावर नेमका विचार केला आहे. मालक दयाळू निघाला म्हणून गुलाम स्वतंत्र होत नाही, कारण मालकाची दया आज आहे आणि उद्या नसू शकते, हे त्याच्या विवेचनाचे सूत्र आहे. सज्जन मॉनिटरच्या वर्गातही ती कोलामी बोलणारी मुलगी त्याच्या मर्जीवरच असते. तिला हवी आहे ती उभे राहून बोलण्याची वाट, मॉनिटर कोणीही असला तरी उघडी राहणारी.

ती उघडी ठेवायला फार काही लागत नाही. नावापुढे फुलीऐवजी कारण लिहायचे, म्हणजे लिहिणाऱ्याला आधी विचारावे लागते. बाई आल्यावर शिक्षेआधी प्रत्येक नावाला एकदा बोलू द्यायचे आणि त्या बोलण्यावर मॉनिटरने मध्ये पडायचे नाही. खडू दर आठवड्याला फिरवायचा, आणि तो पोडावरच्या मुलांकडेही जाईल हे पाहायचे, म्हणजे आज जो लिहितो त्याला पुढच्या आठवड्यात आपले नाव कसे लिहिले जाते ते कळते. फिरवण्यात एक धोका आहे, मागचा हिशेब चुकता करायची इच्छा मुलांत असते. तो ओळखायची खूण सोपी आहे: एकाच मुलाचे नाव एकाच मॉनिटरच्या आठवड्यात पुन्हा पुन्हा येते. म्हणून फळा पुसण्याआधी नावे वहीत उतरवून ठेवावी लागतात. ती वही महिन्यातून एकदा बाईंनी उलटून पाहायची, आणि पालकांचे बहुमत असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीने मागितली तर दाखवायची.